आग्नेसच्या घरचं पाणी

शुक्रवार, ९ मे २०२५. सकाळपासून उकाडा. दूधवाला उशिरा आला. शेजारी आग्नेसकडे पाण्याचं मशीन दुरुस्त करायला भूपेश आला होता, काम अर्धंच झालं. आग्नेस त्याच्याशी धडधडीत खोटं बोलली आणि मी तोंड उघडू नये म्हणून मला डोळ्यांनी दटावलं. संध्याकाळी क्रूसापुढे रोझरी झाली. प्रसादाचे चणे जरा कच्चे होते.

एवढंच मी त्या दिवशी वहीत लिहिलं. पण आग्नेस खोटं का बोलली हे समजायचं तर ती कोण, हे आधी सांगायला हवं.

आग्नेस आणि मी कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसायचो. सातवीनंतर तिची शाळा सुटली, माझी राहिली. वसईजवळच्या होळी गावात तिच्या वडिलांची केळीची, मोगऱ्याची आणि भाजीची वाडी होती आणि वाडीला माणसं कमी पडत होती. वाडीच्या मधोमध बावखल होतं. पावसाचं पाणी साठवायला वाडवडिलांनी खणलेल्या तळ्याला आमच्याकडे बावखल म्हणतात. पहाटे रहाट सुरू झाला की बैलामागे फिरायचं काम आग्नेसचं. पाटातलं पाणी कुठे फुटलं तर ते वडिलांच्या आधी तिला कळायचं, तेही न बघता. नुसत्या आवाजावरून.

त्या घरात पाणी वाया घालवणं हे चोरीच्या खालोखालचं पाप होतं. हात धुवायचे ते केळीच्या बुंध्याशी. तांदळाचं धुवण मोगऱ्याला. आंघोळीची मोरीसुद्धा अशी बांधलेली की सांडपाणी आपोआप अळूकडे जाई. आग्नेसचं लग्न झालं तेव्हा नवऱ्याने चूळ भरून अंगणात थुंकली, तर ही नवी नवरी म्हणाली, "दोन पावलं पुढे जाऊन थुंका, तिथे पपई आहे." हे मला तिच्या नवऱ्यानेच सांगितलं. मरेपर्यंत तो पपईपाशीच चूळ भरत होता.

नवरा त्याच आळीतला, त्यामुळे लग्नानंतरही ती वडिलांच्या वाडीतच राहिली. पुढे बावखल बुजलं. वाडीच्या अर्ध्या भागावर इमारत उभी राहिली. त्याच इमारतीत तळमजल्यावर मी राहते, त्यामुळे या बाबतीत मी फार बोलू नये. आग्नेसचं कौलारू घर, विहीर आणि उरलेली थोडी वाडी माझ्या खिडकीतून दिसते. विहिरीचं पाणी मात्र मचूळ झालं. पालिकेचं पाणी येतं ते पालिकेच्या मर्जीने, कधी नळाने तर कधी टँकरने. दोन्ही पाणी मोरीच्या स्लॅबवरच्या टाकीत एकत्र होतं आणि त्याचा चहा केला तर दूध नासतं. म्हणून तिची मुलगी जीना, जी कुवेतला नर्स आहे, तिने दोन वर्षांपूर्वी आईच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करणारं आरओ मशीन बसवून दिलं.

ज्यांच्याकडे हे मशीन आहे त्यांना ठाऊक असेल, त्याला दोन नळ्या असतात. एकीतून गोडं पाणी मशीनच्याच छोट्या टाकीत साठतं. दुसरीतून, सगळा क्षार घेतलेलं पाणी बाहेर पडतं, आणि ते गोड्यापेक्षा जास्त असतं. आग्नेसला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती त्या दुसऱ्या नळीकडे बघत राहिली आणि मला हाक मारली.

"वसू, हे मशीन फुटकं आहे गो. जास्तीचं पाणी बाहेरच टाकतंय."

"ते तसंच असतं."

"कुणाच्या घरी तसंच असतं? राजाच्या?"

तिने नळीखाली बादली ठेवली. बादलीतलं पाणी मोगऱ्याला घातलं. महिन्याभरात मोगऱ्याच्या पानांच्या कडा जळल्या. क्षाराचंच पाणी ते, झाडाला कसं सोसणार? मग तिने त्याने फरशी पुसली, भांडी विसळली, अंगण धुतलं. एवढं करूनही बादल्या उरायच्या. ज्या बाईने नवऱ्याला पपईपाशी नेलं, तिच्या डोळ्यांसमोर भरल्या बादल्या गटारात जायच्या. तिची झोप उडाली.

या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात तिने मला हळूच आत बोलावलं आणि मशीनच्या मागे बोट दाखवलं. नको असलेल्या पाण्याची नळी तिने दुमडून तिला फुलांच्या गजऱ्याचा दोरा घट्ट बांधला होता. अगदी बंद नाही, पण थेंब थेंब.

"बघ. आता बाहेर जातं कमी आणि आत येतं जास्त."

आणि गंमत म्हणजे ते खरं होतं. पहिले काही दिवस गोडं पाणी खरोखरच जास्त येऊ लागलं. पाण्याला जरा चवही आली. "आपल्या जुन्या विहिरीसारखी," असं आग्नेस म्हणाली. ती चव क्षाराची होती हे मला नंतर कळलं. त्या दिवसांत ती दोऱ्याकडे अशी बघायची की जणू मशीन बनवणाऱ्यांना न सुचलेली गोष्ट तिला सुचली आहे.

ईस्टरनंतर मशीन मंदावलं. आधी एक तांब्या भरायला वेळ लागू लागला. मग नळ उघडला की कोळ्याच्या धाग्याएवढी धार. मे उजाडला तेव्हा दिवसाला एक हंडा भरायची मारामार.

दुसरं काही नसतं तर आग्नेसने तेही सोसलं असतं. पण मे हा मरियेचा महिना. आमच्या आळीच्या क्रूसापुढे रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते आणि प्रत्येक दिवस एकेका घराचा असतो. त्या घराने उकडलेले चणे आणि सरबत द्यायचं. मी हिंदू, पण इतक्या वर्षांत माझी चटई कुठे पसरायची हेही ठरून गेलं आहे. आग्नेसचा दिवस रविवारी, अकरा तारखेला होता. तिचं लिंबाचं सरबत आळीत नावाजलेलं.

आणि तिचा दीर ऑगस्टीन पाण्याचे जार विकतो. थंड पाण्याचे, लग्नाकार्यात ठेवतात ते. गेल्या मेमध्ये क्रूसापुढे, सगळ्यांसमोर तो म्हणाला होता, "वैनी, आता सगळी आळी माझं पाणी पिते. फक्त तुझंच घर राहिलं."

आग्नेस उठून म्हणाली होती, "माझ्या दारात विकतचं पाणी येणार नाही. ज्या वर्षी येईल, त्या वर्षी माझ्या दिवशी तूच सरबत वाट आणि चणेही तूच वाट. माझा दिवस मी तुझ्या घराला दिला."

क्रूसापुढे बोललेला शब्द. तो मागे घेता येत नाही. आणि चाळीस वर्षं जो दिवस तिचा होता तो देणं म्हणजे तिच्या दृष्टीने उरलेली वाडी देण्यासारखंच.

म्हणून शुक्रवारी भूपेशला बोलावलं. भूपेश खाडीकाठच्या शेतकऱ्याचा मुलगा. भातशेती भावाकडे, आणि हा स्कूटरवरून वसईभर मशीनं दुरुस्त करत फिरतो. तोंड सतत सुरू. स्वतःच्या हाताबद्दल त्याला फार अभिमान आहे आणि तो लपवायचा तो कधी प्रयत्न करत नाही. तो फाटकात शिरायच्या आत आग्नेसने दोरा सोडला आणि पदराच्या टोकाला बांधला.

भूपेशने मशीन खाली घेतलं, आतली लांब गुंडाळी, जिला मेम्ब्रेन म्हणतात, ती ओढून काढली. ती ओल्या पंच्यासारखी जड झाली होती आणि टोकांना पांढरी खपली धरली होती.

"आंटी, हा मेम्ब्रेन मीच दिवाळीला घातला ना? एवढ्यात चोंदला? तुम्ही यात काय समुद्र ओतला?"

"पालिकेला विचार," आग्नेस म्हणाली.

"नळी कुठं दाबली-बिबली गेली होती का मागं?"

"नाही."

तेव्हाच तिने माझ्याकडे बघितलं. शाळेत मदर यायच्या आधी ती तसंच बघायची.

"मग टँकरचंच पानी असनार," भूपेश ठामपणे म्हणाला. "मला बघूनच कळतं." त्याने नवा मेम्ब्रेन घातला, आधीचे फिल्टर बदलले आणि पहिलं पाणी मोरीत सोडून दिलं. नव्या मेम्ब्रेनचं पहिलं पाणी पीत नाहीत. आग्नेसने त्या वेळी तोंड भिंतीकडे केलं होतं.

धार वाढली, पण फार नाही. भूपेशने पंप आणि मेम्ब्रेनच्या मधल्या नळीला दाब मोजणारं काट्याचं घड्याळ जोडलं. काटा उठला आणि अर्ध्या वाटेतच दमून थांबला. त्याने पंपाला येणारी वीज तपासली, ती बरोबर होती.

"पंप थकलाय. हा बूस्टर पंप पान्याला जोर देतो, तेव्हा ते मेम्ब्रेनमधून पार होतं. जोरच नाय तर नवा मेम्ब्रेन काय करील? नवरी नवी आनि बैलगाडी जुनी."

त्याच्या पिशवीत पंप नव्हता. उद्या दुपारी आणतो म्हणून तो गेला.

आता खरं तर दोरा कचऱ्यात जायला हवा होता. पण संध्याकाळी आग्नेसने नळीखालची बादली भरताना पाहिली, दुसरी भरताना पाहिली, आणि तिसरीला पदराची गाठ सोडली.

"एका रात्रीपुरता," ती मला म्हणाली. "तो दुपारी येणार आहे."

भूपेश सकाळी आला.

मी तेव्हा तिच्याकडे दही मागायला गेले होते. दारात स्कूटर पाहून आग्नेस आत धावली, तसं तिला धावताना मी शाळेच्या खो-खोनंतर पहिल्यांदाच पाहिलं. पण भूपेश तरुण. तो आधी पोहोचला.

"आंटी, हा दोरा कुनी बांधला?"

"मुंग्या येत होत्या."

"नळीतून?"

"वसईच्या मुंग्या आहेत. कुठूनही येतात."

भूपेशने दोरा हुंगला. "मोगऱ्याचा वास येतोय. मुंग्या गजरा माळून आल्या होत्या?"

मला हसू आवरेना. आग्नेस माझ्यावर उखडली, "तू कशाला हसतेस? तूच म्हणालीस ना, ते तसंच असतं म्हणून!" हा कसला गुन्हा ते मला अजून समजलेलं नाही.

भूपेश जमिनीवर मांडी घालून बसला आणि त्याने दोरा बोटाला गुंडाळला. "म्हनजे टँकरचा काय दोष नाय. मी उगाच काल टँकरवाल्याला फोन करून शिव्या दिल्या." मग त्याने समजावलं. ते बाहेर जाणारं पाणी फुकट जात नाही, मेम्ब्रेनवरचा क्षार धुऊन नेतं. ते अडवलं की क्षार तिथेच बसतो आणि खपली धरते. आणि वाट बंद म्हणून पंप दिवसरात्र भिंतीला डोकं आपटत बसतो. तो थकणारच.

"तुझ्या आजीला विचार, पाणी असं टाकतात का," आग्नेस म्हणाली.

"माझी आजी बायजा? तिनं आमच्या घरचं मशीन बघितलं आनि बोलली, हे मेलं पानी पितं कमी आनि थुंकतं जास्त. काढून टाका म्हनाली. आंटी, तुमची दोघींची गाठ घालायला नको. वसईतली सगळी मशीनं बंद पाडाल."

हे ऐकल्यावर आग्नेस थोडी नरमली. कुणीतरी तिच्या बाजूचं या जगात होतं.

नवा पंप बसला. काटा सरळ वर गेला. धार आली, चांगली बोटाएवढी. आग्नेसने क्रूसाची खूण करायला हात कपाळाला नेला, आणि पंप बंद पडला. टक् असा आवाज. पुन्हा सुरू. पुन्हा टक्.

भूपेशच्या चेहऱ्यावरचा अभिमान पहिल्यांदा उतरलेला दिसला. त्याने मशीनमध्ये येणाऱ्या पाण्याची नळी सोडून पाहिली, पाणी जोरात येत होतं. मग पंपाच्या आधी बसवलेल्या एका लहानशा डबीच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडल्या. पंप न थांबता चालू लागला.

"हा चोर! प्रेशर स्विच. याचं काम एवढंच, टाकीचं पानी संपलं तर पंप बंद करायचा, कोरडा फिरू द्यायचा नाय. पन हा आत गंजलाय. पानी असून नाय म्हनतो."

"ऑगस्टीनसारखा," आग्नेस म्हणाली. "त्याच्याकडे उसनी साखर मागितली की असंच."

स्विच नालासोपाऱ्याच्या दुकानातून मागवावा लागणार होता, सोमवारशिवाय मिळणार नव्हता. आणि रोझरी रविवारी. भूपेश डोकं खाजवत राहिला.

"एक करता येईल. वायरी अशाच जोडून ठेवतो. मशीन चालेल. पन मग पंपाला वाचवनारं कोन नाय. स्लॅबवरची टाकी रिकामी झाली तर तो कोरडा फिरून जळेल. कुनीतरी जवळ बसायला हवं. आवाज बदलला की लगेच बटन बंद."

"मी बसते."

"आनि आंटी, नळी मोकळी. दोरा मी घेऊन चाललोय."

आग्नेसने दोऱ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि शेवटी भिंतीवरच्या मरियेच्या तसबिरीकडे बघितलं.

"ने," ती म्हणाली.

शनिवारी दुपारपासून ती मशीनशेजारी स्टूल टाकून बसली. मशीनच्या टाकीत गोडं पाणी साठलं की मी ते हंड्यांत काढायची, आणि खाली बादल्या भरत होत्या. बादली भरली की आग्नेस ती उचलून बाहेर ठेवायची. प्रत्येक बादलीबरोबर एक उसासा यायचा. माझ्या दोन बादल्या आणल्या, मग समोरच्या भागूबाईचं घमेलं. झोपताना तिने मशीन बंद केलं आणि रविवारी चर्चमधल्या मिस्साहून येताच पुन्हा लावलं.

रविवारी दुपारी ऑगस्टीन टेंपो घेऊन फाटकाशी आला. मागे निळे जार रचलेले.

"वैनी, ऐकलं मशीन मेलं म्हणून. दोन जार उतरवू? कुणाला सांगणार नाही."

"तू? तू तर तुझ्या बायकोचं वयसुद्धा आळीला सांगितलंस."

"बरं, चार उतरवतो. आणि चणे मी उकडायला सांगू?"

तो पायरी चढला तेवढ्यात आग्नेसने हात वर केला. गप्प, अशी खूण. मला काही ऐकू आलं नाही. ऑगस्टीनलाही नाही. पण तिने झटकन बटण बंद केलं.

"टाकी संपली," ती म्हणाली. "पंप कोरडा झाला."

"तुला कसं कळलं?"

"बैल मोकळा चालायला लागला की रहाट कसा वाजतो, विसरलास? तू तेव्हा झाडाखाली झोपलेला असायचास." मग तिने दिराला नीट न्याहाळलं. "ऑगस्टीन, आलाच आहेस तर विहिरीची मोटर लाव. कधीची अडून बसली आहे, लाथ घालावी लागते. आणि वर चढून टाकी भरते का बघ. माझे गुडघे नाहीत आता."

ऑगस्टीनने माझ्याकडे बघितलं. मी हंडा पुसत होते. दोनशे जार रोज वाहणारा माणूस आपल्या टेंपोकडे पाठ करून विहिरीकडे गेला, मोटरला लाथ घातली आणि शिडी चढून भर उन्हात वहिनीच्या टाकीवर बसला. "अर्धी झाली!" तो वरून ओरडला. "अजून बस," आग्नेस खालून ओरडली. आळीतली दोन-तीन घरं खिडकीत आली होती.

चारच्या सुमाराला शेवटचा हंडा भरला. सरबत पुरून उरणार होतं. पण अंगणात आता बादल्यांची रांग लागली होती, सगळ्या खारट पाण्याने काठोकाठ. मी म्हटलं, "चल, मोरीत ओतू."

आग्नेस रांगेकडे बघत उभी राहिली. मग तिने भागूबाईचं घमेलं उचललं आणि फाटकाबाहेर गेली. आमच्या आळीचा रस्ता मेमध्ये नुसती धूळ. रोझरीला बसलं की सगळ्यांच्या पदरावर लाल थर बसतो. तिने घमेल्यातलं पाणी ओंजळीने रस्त्यावर शिंपडलं. मग एक बादली, मग दुसरी. क्रूसाचा ओटा धुतला, पायऱ्या धुतल्या. मी मदत केली, भागूबाई आली, आणि टाकीवरून उतरलेला ऑगस्टीनही आला, कारण टेंपो रस्त्यात मांडलेल्या बादल्यांमागे अडकला होता.

"झाडाला नाही चालत," आग्नेस म्हणाली, "पण धुळीला काय कळतंय?"

संध्याकाळी रोझरीला रस्ता ओलसर गार होता. मुलं अनवाणी बसली. सरबताचे पेले फिरले. ऑगस्टीनने पहिला पेला एका दमात संपवला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

"कसं आहे?" आग्नेसने विचारलं, मुद्दाम मोठ्याने.

"साखर कमी."

"पाणी विचारलं मी."

त्याने दुसऱ्या पेल्यातला एक घोट घेतला. "पाणी बरं आहे," म्हणाला. "टाकी मी भरली ना."

यावर क्रूसापुढे हसू नये असं मदरनी शिकवलं होतं, पण मदर तिथे नव्हत्या. भूपेशही आला होता, आपल्या आजीला स्कूटरवर मागे बसवून. बायजाबाईंनी सरबत प्यायलं, मग आग्नेसचा हात धरून स्वयंपाकघरात गेल्या. मशीनची मोकळी नळी आणि खालची बादली त्यांनी बराच वेळ बघितली. परत आल्या तेव्हा दोघींची कुजबुज सुरू होती, आणि भूपेश मला म्हणाला, "काकी, लक्ष ठेवा. सोमवारी स्विच बदलायला येतो तेव्हा नळीला नवा दोरा नसावा."

घरी येऊन मी वही काढली. रविवार, ११ मे. आग्नेसचा दिवस आग्नेसकडेच राहिला. चणे चांगले शिजले होते. तिची एक निळी बादली चुकून माझ्या मोरीत आली आहे, अर्धी भरलेली. उद्या त्याच पाण्याने फरशी पुसून बादली परत करणे.